पंधराव्या प्रकरणात कोण बोलणार

१० जानेवारी

प्रिय वहिनी,

सहाही प्रकरणं मिळाली. पाकीट उघडल्याबरोबर आमच्या कार्यालयातले दोघे टेबलाशी येऊन उभे राहिले, कारण दादाच्या अक्षरातलं हस्तलिखित म्हणजे छापलेलंच वाटतं. तुझ्या अक्षरात आलं असतं तर मी अजून पहिल्या पानावर असते. पाणीपुरवठ्याचे नकाशे काढण्यात त्याची तीस वर्षं गेली, आता निवृत्तीनंतर बायकोची कादंबरी उतरवून काढतोय. बरं आहे, घरात गप्प बसायला त्याला निमित्त मिळालं.

आता कामाचं. चहापत्तीच्या दुकानाची मालकीण आणि तिचा तराजू खोटा ठरवून सील लावणारा वजनमापं निरीक्षक, ही जोडी मला फार आवडली. संपादकांनाही आवडली. मार्चपासून दर आठवड्याला एक, अशी चोवीस प्रकरणं छापायचं ठरलं आहे. छप्पन्नाव्या वर्षी पहिली कादंबरी, आणि तीही आमच्या साप्ताहिकात. घरची म्हणून घेतलेली नाही, हे लक्षात ठेव.

पण सहाव्या प्रकरणाच्या शेवटी निरीक्षक तिला मनातलं सांगून मोकळा होतो, ते मी काढलं आहे. वहिनी, तो बोलला की वाचकाने वाट कशाची बघायची? पुढची अठरा प्रकरणं तू काय लग्नाची खरेदी दाखवणार आहेस? पहिली कबुली पंधराव्यात हवी. त्याआधी आली तर त्या दोघांनी ती कमावलेली नसते. सतरा-अठराच्या पुढे गेली तर वाचकाला वाटतं, लेखिका मुद्दाम अडवून धरते आहे. पंधराव्यात आली की पुढे नऊ प्रकरणं उरतात, आणि ती लागतात, कारण कबुलीने एक नवी अडचण उभी राहायला हवी. नुसतं सगळं गोड झालं तर ती गोष्ट संपलीच.

हे सगळं पत्रात लिहिते आहे कारण फोनवर तू हो म्हणतेस आणि नंतर हवं तेच करतेस.

तुझी,
चिमी


१७ जानेवारी

प्रिय चिमे,

तुला परकरात असताना वेणी घालून दिली, आणि आता तू माझं सहावं प्रकरण काढतेस. असो. संपादकीण झाली आहेस तर मान देते.

पण मला एक सांग, एवढ्या लांबवर मी त्या दोघांना कसं खेळवू? तो रोज पत्ती घ्यायला येईल, ती रोज पुडी बांधेल, आणि दोघं रोज मूग गिळून बसतील? मलाच झोप येईल.

ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "चिमी म्हणते तसं कर. तिचं ते काम आहे." बाकी ह्यांचा अभिप्राय म्हणशील तर चौथ्या प्रकरणात मी दुकानाच्या फळीवर अठ्ठावीस डबे मांडले होते, ते ह्यांनी बावीस केले. एवढ्या लांबीच्या फळीवर अठ्ठावीस मावत नाहीत म्हणे. सहा प्रकरणांवर एवढंच बोलले.

तुझी,
वहिनी


२३ जानेवारी

प्रिय वहिनी,

रोज तेच झालं तर झोप येणारच. म्हणून रोज तेच होता कामा नये. सावकाश जाणं म्हणजे थांबणं नव्हे. प्रत्येक प्रकरणात एक पायरी अशी हवी की जिच्यावरून परत खाली उतरता येत नाही. तो तिला वजन पारखायला शिकवतो, ही पायरी. ती त्याच्यासाठी दुकान दहा मिनिटं उशिरा बंद करते, ही त्याच्या वरची. मग पुन्हा एकदा दहा मिनिटं थांबवलंस तर ती पायरी नाही, तिथल्या तिथे पाय आपटणं आहे.

दुसरं. अडचण खरी हवी. गैरसमज, चुकून दुसऱ्याच्या हाती पडलेली चिठ्ठी, ऐन वेळी आलेला पाहुणा, यांच्यावर मी लाल रेघ मारीन. सुदैवाने तुझ्याकडे खरी अडचण आहे आणि तू ती वापरलेलीच नाहीस. तो तिचा तराजू तपासणारा माणूस आहे. त्याने जीव लावला तर त्याच्या शिक्क्याला अर्थ राहत नाही. तिने जीव लावला तर गल्ली म्हणेल, बाईने निरीक्षक फिरवला. दोघांना गप्प बसायला भरपूर कारण आहे. ते कारण वाचकाला पटलं की तो पंधरा आठवडे काय, वीस थांबेल.

तिसरं. वाचकाला त्या दोघांच्या आधी कळू दे. सातव्या-आठव्यात. मग त्याला स्वतःलाच सांगावंसं वाटायला लागतं.

आणि बाराव्यात एकदा, एकदाच, शब्द ओठांपर्यंत येऊन परत जाऊ दे. पण कोणी दार वाजवलं म्हणून नाही. ज्याचं त्यालाच अवसान गळालं म्हणून.

चिमी


२८ एप्रिल

प्रिय चिमे,

बारावं सोबत आहे. तुझ्या सगळ्या सूचना पाळल्या, बघ.

दुकानात दोघंच आहेत, तो तिला पितळी वजनं फडक्यात धरायला सांगतो, हाताचा घाम लागला तर वजन बदलतं म्हणून. ती म्हणते, "इतक्याने काय फरक पडतो?" तो म्हणतो, "मला पडतो." आणि मग त्याचं तोंड उघडतं, आणि तो पावतीपुस्तक मागतो. कोणी आलं नाही, दार वाजलं नाही. तोच घाबरला.

ह्यांनी ते उतरवून काढताना दोनदा चष्मा पुसला. मी विचारलं, आवडलं का? म्हणाले, "पितळेला घाम लागतो हे बरोबर आहे."

मी कागद पाकिटात घातले.

समोरच्या शिंपीणबाई आता दर अंकाची वाट बघतात. काल कात्री हातात घेऊन रस्ता ओलांडून आल्या आणि मला दरडावून विचारलं की तो कधी बोलणार. मी ताकास तूर लागू दिली नाही. चिमे, खरं सांगते, लग्नानंतर पहिल्यांदा मला कोणीतरी रस्त्यात थांबवून काही विचारलं.

वहिनी


१४ मे

प्रिय वहिनी,

बारावं उत्तम. तेरावं त्याहून. निरीक्षक तिला न सांगता साहेबांकडे अर्ज करतो की ही गल्ली माझ्या फेरीतून काढा, ते वाचून आमचे संपादक खिडकीशी जाऊन उभे राहिले. चौदाव्यात काहीच घडत नाही, ती नुसते डबे पुसते आणि नव्या निरीक्षकाकडून तिला त्या अर्जाचं कळतं, हेही बरोबर. मोठ्या प्रकरणाआधी एक शांत प्रकरण लागतं.

पण पंधरावं कुठे आहे? ते २५ तारखेला माझ्या टेबलावर हवं. वाचकांची पत्रं रोज येतात. मार्च-एप्रिलमधली पत्रं अधीर होती, ती मला हवीच होती. आता एकाने विचारलंय, "हा माणूस मुका आहे का?" अधीर वाचक अंक विकत घेतो, वैतागलेला वाचक घेत नाही. संपादक सरळ म्हणाले, पंधराव्यात कबुली आली नाही तर सोळाव्यात गुंडाळा, दुसरी कादंबरी तयार आहे. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. ते तसंच करतील.

दादा आडकाठी करतोय का? उतरवून काढायला कंटाळला असेल तर तुझ्या अक्षरात पाठव, मी डोळे फोडून वाचीन. त्यालाही मी आजच लिहिते.

चिमी


१८ मे

प्रिय चिमे,

ह्यांचा काही दोष नाही. मला वाटतं पंधरावं घाईचं होईल. अठराव्यात घेऊ. मध्ये तीन प्रकरणं तिला आजारी पाडते, तो औषध घेऊन येतो, जवळीक वाढते. तूच म्हणालीस अठरापर्यंत चालतं.

इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघराला रंग काढायचा चाललाय, त्यामुळेही वेळ मिळत नाही.

वहिनी


१९ मे

चिमी,

तुझं पत्र मिळालं. मी कंटाळलेलो नाही.

पंधरावं प्रकरण तिने चार वेळा लिहिलं. मी चार वेळा उतरवलं. चारही वेळा तिने फाडलं. चारही वेळा जुना निरीक्षक दुकानात येतो, फेरी त्याची नसली तरी तराजू बघतो, तराजू बरोबर असतो, तो जातो. ती गल्ल्यामागे उभी असते.

रंगाचं तुला लिहिलं असं ती म्हणाली. घराला रंग काढायचा बेत नाही.

तिला रागावू नकोस. दुपारी टेबलाशी बसते आणि बराच वेळ काही लिहीत नाही. मी चहा ठेवून येतो.

दादा


२२ मे

प्रिय वहिनी,

दादाने आयुष्यात मला लिहिलेलं सर्वांत लांब पत्र काल आलं. नऊ वाक्यांच्या वर. त्यातून मला कळलं की रंग काढायचा नाहीये आणि चार पंधरावी प्रकरणं केराच्या टोपलीत गेली आहेत. मी दादावर उगाच संशय घेतला. त्याला तसं कळवते.

वहिनी, अठराव्यात घेऊन काही होणार नाही. आजारपण म्हणजे तिथल्या तिथे पाय आपटणं. प्रकरणाचा आकडा तू कितीही पुढे सरकव, तो तिथेही येऊन तराजू बघून जाईल.

काल मी सगळी चौदा प्रकरणं काढून बसले आणि एका कागदावर रकाने पाडले. कुठल्या प्रकरणात पायरी कोणी चढली, त्याने की तिने. हे मी जानेवारीतच करायला हवं होतं, ती माझी चूक. तुला सांगते काय निघालं. तराजूला सील लावल्यावर भांडायला त्याच्या कचेरीत कोण गेलं? ती. वजन पारखायला शिकवा असं कोण म्हणालं? ती. दुकान उघडं कोणी ठेवलं, त्याची विसरलेली वही परत द्यायला कोण गेलं, त्याच्या बहिणीची चौकशी कोणी केली? सगळं तीच. तो दोनदाच हलला आहे. बाराव्यात तोंड उघडून मिटलं, आणि तेराव्यात आपली फेरी सोडून दिली. पण ती त्याची दुसरी पायरी केवढी मोठी आहे बघ. शिक्क्यासाठी जगणाऱ्या माणसाने तिच्यासाठी शिक्का बाजूला ठेवला. त्याने आपल्या परीने सांगून झालंय. आता त्याच्याकडे बोलायला काही उरलंच नाही, म्हणून तो तुझ्या चारही प्रकरणांत मुका आहे.

आणि आता जास्त गमावणार कोण? तीच. तो दुसऱ्या गल्लीत गेला तरी गल्ली तिच्याच दुकानाबद्दल बोलणार. पहिली कबुली नेहमी जास्त गमावणाऱ्याच्या तोंडी शोभते. ज्याचं काही जात नाही त्याने म्हटलं तर त्याला किंमत राहत नाही. प्रकरण पंधराच बरोबर आहे. माणूस चुकला आहे. ते त्याने नाही, तिने म्हणायचं आहे.

हे तुझ्यासारख्या हुशार बाईला चार खर्डे होऊनही दिसलं नाही, याचं मला नवल वाटलं. मग नवल वाटेनासं झालं. विचारू नये, पण विचारते. दादाने कधी तुला म्हटलं का?

चिमी


२५ मे

वन्सं,

हे मी तुम्हाला रागाने म्हणते आहे, ते कळू द्या. संपादकिणीने कादंबरीत लक्ष घालावं, घरात नाही.

दोन दिवस तुझं पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं. आज काढून पुन्हा वाचलं.

नाही. कधी म्हटलं नाही. बत्तीस वर्षांत नाही. बघायला आले तेव्हा वडिलांना घराचं छप्पर कुठे गळतं ते सांगून गेले. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातल्या पलंगाचा डुगडुगणारा पाय बसवून दिला. मला हे कळत नाही असं नाही, चिमे. मला सगळं कळतं. मी आजारी पडले तेव्हा ह्यांनी वरण केलं होतं आणि ते खारट झालं म्हणून पुन्हा केलं होतं. पण माणसाला कधीतरी कानाने ऐकावंसं वाटतं. मी वाट बघत राहिले. आधी पहिल्या वर्षी वाटलं, मग मुलगी झाल्यावर, मग तिच्या लग्नात मांडव रिकामा झाल्यावर, मग हे निवृत्त झाले तेव्हा. प्रत्येक वेळी मनात म्हटलं, आता म्हणतील. तुझ्या भाषेत सांगायचं तर मी आकडा पुढे सरकवत राहिले.

त्या निरीक्षकाला मी दारात आणते आणि मलाच धीर होत नाही. तो बोलला आणि ते खोटं वाटलं तर? मला माहीतच नाही, असा माणूस हे कसं म्हणतो. मी ते ऐकलेलं नाही.

ती म्हणेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कारण मीही कधी म्हटलेलं नाही. माझ्या मनात ते काम ह्यांचंच होतं.

मला लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. नाही जमलं तर सोळाव्यात गुंडाळा. शिंपीणबाईंना मी तोंड दाखवणार नाही, एवढंच.

वहिनी


२७ मे

प्रिय वहिनी,

मी विचारायला नको होतं, आणि विचारलं ते बरं झालं. दोन्ही खरं आहे. 'वन्सं' मी गिळलं.

संपादकांकडून २ जूनपर्यंत मुदत घेतली. त्याहून पुढे एक दिवसही नाही.

तुला फक्त कामाचं सांगते. तिला भाषण देऊ नकोस. चौदा प्रकरणं वाचकाने वाचली आहेत, त्याला कारणं पाठ आहेत. एक वाक्य, फार तर दोन, आणि साधी. हातात काम असताना म्हणू दे, पुडी बांधताना, दोरा तोडताना. नटूनथटून, समोरासमोर बसून म्हटलेलं खोटं वाटतं. म्हणून झाल्यावर ती माघार घेणार नाही, "मी आपलं सहज म्हटलं" वगैरे चालणार नाही. आणि प्रकरण कबुलीवर तोडू नकोस. सगळे तोडतात. तिच्या वाक्यानंतर अर्धं पान राहू दे, ज्यात तो उत्तर देत नाही आणि दोघांना त्या खोलीत उभं राहावं लागतं. ते अर्धं पान वाचकाला पुढच्या आठवड्यापर्यंत पुरतं. त्याचं उत्तर एकोणिसाव्याच्या आत नको. तोवर गल्ली काय म्हणते ते तिला सोसू दे.

ती काय म्हणेल हे तुला माहीत नाही असं म्हणू नकोस. बत्तीस वर्षं तुझ्याकडे आहे ते.

चिमी


१ जून

प्रिय चिमे,

पंधरावं सोबत आहे. ह्यांच्या अक्षरात आहे, पण ते कसं उतरलं ते तुला सांगायला हवं.

३० तारखेला सकाळी लिहून झालं. एका बैठकीत, खाडाखोड नाही. ती पुडीला दोरा बांधते आणि मान वर न करता म्हणते, "तुम्ही आलात की मला दिवस बरा वाटतो. बाकीचे दिवस मी नुसती ढकलते. हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते." बस, एवढंच. मग तू सांगितलेलं अर्धं पान. दोरा तुटत नाही, तो कात्री पुढे करतो, ती घेते.

लिहून झाल्यावर कागद ह्यांच्या टेबलावर ठेवायला गेले. हे कोऱ्या पानांना समास आखत होते. पट्टी धरून, पेन्सिलीने, एकेक. माझ्या मनात आलं, आता हे बसतील आणि हे वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवतील, शब्दाशब्दाने, आणि हे त्यांना कादंबरीतून कळेल. बत्तीस वर्षांनी, त्या चहापत्तीवालीच्या तोंडून. ते मला बरं वाटेना. चिमे, मी कागद पाठीमागे धरले.

मी म्हटलं, "अहो, हे वाचायच्या आधी ऐका." आणि तेच म्हटलं. पत्ती नाही, पुडी नाही, आपल्या घरातलं. तुम्ही घरात असता म्हणून मला बरं वाटतं, पहिल्या दिवसापासून वाटतं, आणि माझा तुमच्यावर जीव आहे. आवाज जरा चिरकला. माघार घेतली नाही.

ह्यांची पट्टी पानावर तशीच राहिली. मी वाट बघितली, जशी नेहमी बघते. मला वाटलं आता समास किती इंची ते सांगतील.

पट्टीकडे बघतच म्हणाले, "मला असलं बोलायला जमत नाही."

मी म्हटलं, "मला माहीत आहे."

मग म्हणाले, "पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. हे मान खाली घालून ऐकत होते. पट्टीवरचे हात हलले नाहीत, पण डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या आखलेल्या पानावर पडलं. पान फुकट गेलं. इतकी वर्षं मी ऐकायची वाट बघत होते. हेही ऐकायचीच वाट बघत असतील, हे मला एकदाही सुचलं नाही. दोघंही कान देऊन बसलो होतो, चिमे, एकाच घरात.

नंतर हे उठले, तोंड धुऊन आले, नवं पान आखलं आणि प्रकरण उतरवायला बसले. मी चहा केला. या वेळी एकही दुरुस्ती सुचवलेली नाही.

सोळाव्याला लागते आहे. गल्लीत कुजबुज सुरू होईल, नवा निरीक्षक तिच्या तराजूकडे वाकड्या नजरेने बघेल. त्याचं उत्तर तू म्हणतेस तसं एकोणिसाव्यातच देईन. अजून सुचलेलं नाही, काहीतरी सुचेल. ह्यांनी जे उत्तर दिलं ते मात्र कादंबरीत घालणार नाही, तेवढं माझं राहू दे.

तुझी,
वहिनी